हप्ता बिलाशी नको, वाचलेल्या पैशाशी ताडून बघा

वाचकाचं पत्र

गुहागरच्या जवळ आमचं घर आहे. मागे माड-पोफळीची वाडी, पुढे चार वर्षांपूर्वी बांधलेला स्लॅबचा भाग. यजमान शाळेतून निवृत्त झाले, पेन्शन आहे. मुलं मुंबईला असतात. विजेचं बिल वर्षाला तीस हजारांच्या घरात जातं. मे महिन्यात सगळे घरी येतात तेव्हा 4,890 आलं, जुलैत 1,760. एका एजन्सीने छतावर 3 किलोवॅटचा सोलर प्लांट 1,90,000 रुपयांत बसवून देतो असं सांगितलंय. बँक 1,71,000 द्यायला तयार आहे, दहा वर्षं, 7 टक्के व्याज, हप्ता 1,985. सबसिडी 78,000 मिळेल. एजन्सीवाला म्हणतो, बिल सरासरी अडीच हजार, हप्ता दोन हजार, म्हणजे पहिल्या महिन्यापासून पाचशे रुपये खिशात. यजमानांना कर्ज म्हटलं की झोप लागत नाही. बारा महिन्यांची बिलं सोबत पाठवतेय. घ्यावं का?

— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

नमस्कार ताई,

घ्या, पण 3 किलोवॅटचा नको, 2 किलोवॅटचा घ्या. आणि सबसिडी आली की ती घरखर्चात न मिसळता थेट कर्जात भरा. असं केलंत तर कर्ज दहाऐवजी साधारण चार वर्षांत फिटेल आणि यजमानांच्या झोपेचाही प्रश्न राहणार नाही. तुम्ही बारा बिलं पाठवलीत हे फार बरं केलंत. हा हिशेब सरासरीवर केला की हमखास फसतो, तो महिन्यागणिकच करावा लागतो.

सुरुवात बिलापासून करू. घरगुती ग्राहकाला महावितरण सगळी युनिटं एकाच दराने देत नाही. पहिली शंभर स्वस्त, शंभर ते तीनशे जवळजवळ दुप्पट महाग आणि तीनशेच्या पुढची त्याहून महाग. वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून मी तुमच्या बिलांवरून ढोबळ आकडे घेतले आहेत: पहिल्या शंभराला 7 रुपये, पुढच्या दोनशेला 13 आणि तीनशेच्या वर 18. दर बदलत असतात, इंधन समायोजन आकारही कमीजास्त होतो. म्हणून कागद घेऊन बसाल तेव्हा शेवटच्या बिलावरचे दर घाला, रीत तीच राहील. याशिवाय स्थिर आकार आहे, शुल्कासकट महिना दीडशेच्या आसपास. छतावर कितीही वीज तयार झाली तरी तो भरावाच लागतो. ‘शून्य बिल’ म्हणून जे सांगतात, त्यात हे दीडशे सोयीस्करपणे गाळलेले असतात.

सोलरची युनिटं तुमच्या वापरातून वजा होतात ती वरच्या टप्प्यापासून. आधी 18 रुपयांची जातात, मग 13 ची आणि सर्वात शेवटी 7 ची. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात महाग वीज वाचवतो, दुसरा मधली आणि तिसऱ्याच्या वाट्याला उरलीसुरली स्वस्त वीज येते. एजन्सीवाले हे कधी सांगत नाहीत. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक युनिटची किंमत एकच धरलेली असते.

आता तुमचं वर्ष बघू. वापर 2,700 युनिट. त्यात एप्रिल 330 आणि मे 380, म्हणजे पंखे, पाण्याचा पंप, फ्रिज आणि भरलेलं घर. पाऊस लागला की वापर झपाट्याने उतरतो, जुलैत 170. गणपतीला थोडा वाढतो आणि थंडीत पुन्हा 170-180 वर येतो. स्थिर आकार सोडला तर या सगळ्याचे तुम्ही वर्षाला साधारण 28,450 रुपये भरता. सोलर जास्तीत जास्त वाचवू शकेल ती रक्कम एवढीच. महिन्याची सरासरी 2,370 निघते, अडीच हजार नव्हे.

सरासरीवर विसंबलं तर पुढे काय होतं ते 3 किलोवॅटच्या प्लांटवर दिसतं. आपल्या किनाऱ्यावर एक किलोवॅटमागे वर्षाला तेराशेच्या आसपास युनिटं धरावीत. मार्च-एप्रिलमध्ये महिन्याला 140 ते 145 येतील, जुलैत मात्र जेमतेम 65. 3 किलोवॅटमधून तुमच्या प्रत्येक महिन्याच्या गरजेपेक्षा जास्तच वीज तयार होईल, म्हणजे दर महिन्याला त्या महिन्याची पूर्ण रक्कम वाचेल. पण जुलैत वाचण्यासारखे 1,610 रुपयेच आहेत. डिसेंबर-जानेवारीतही तेवढेच. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत 1,740, नोव्हेंबरात 1,870. हप्ता 1,985. बारापैकी सहा महिने हप्ता बचतीपेक्षा मोठा आणि ही तूट पेन्शनमधून भरायची. एप्रिल-मेत मोठी बचत होते हे खरं, पण तेव्हा घर भरलेलं असतं, आंब्याच्या पेट्या पाठवायच्या असतात, नातवंडांचे हट्ट पुरवायचे असतात. ते पैसे जुलैसाठी बाजूला राहतील असं मी तरी गृहीत धरणार नाही.

आता 2 किलोवॅट. तुमच्या भागातले दर पाहता त्याची किंमत 1,35,000 च्या आसपास यायला हवी. साडेपाचशे वॅटचे चार पॅनल आणि त्यांना साधारण दोनशे चौरस फूट मोकळी जागा लागेल. एप्रिलमध्ये 290 युनिट तयार होतील, वापर 330, बिल लागेल फक्त 40 युनिटांचं. मेमध्ये 100 युनिटांचं, जूनमध्ये 70 चं, जुलै-ऑगस्टला 40-40, सप्टेंबरला 20. ऑक्टोबरला बरोबरी आणि नोव्हेंबरपासून उलट युनिटं जमा होऊ लागतील. जी युनिटं विकत घ्यावी लागली ती सगळी पहिल्या शंभरातली, 7 रुपयांची. वर्षभरात त्यांचे होतात 2,170 रुपये. म्हणजे 28,450 पैकी 26,280 वाचले.

तिसऱ्या किलोवॅटसाठी तुम्ही 55,000 जास्त मोजणार. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 सबसिडी आहे, तिसऱ्याला 18,000. म्हणजे त्याचे 37,000 तुमच्या खिशातून जातात. बदल्यात वर्षाला वाचतात ते वर सांगितलेले 2,170 आणि शिल्लक राहिलेली हजारेक युनिटं महावितरण घेईल त्याचे थोडे पैसे. युनिटला 3 रुपये धरले तरी सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास. तिसरा किलोवॅट सात वर्षांत फिटतो आणि पहिले दोन तीन वर्षांच्या आत. ‘78,000 ची पूर्ण सबसिडी कशाला सोडता’ असं तुम्हाला सांगतील. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा की 18,000 मिळवायला 55,000 घालायचे आहेत. येत्या वर्षभरात एसी घ्यायचा किंवा इलेक्ट्रिक स्कूटर आणायची असं पक्कं ठरलं असेल, तर 3 किलोवॅट बरोबर. नुसतं ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेऊ नका.

ही युनिटं शिल्लक राहण्याची गोष्ट आपल्या कोकणात जरा जास्त बोचते. नेट मीटर घरात आलेली आणि बाहेर गेलेली अशी दोन्ही वीज मोजतो. त्यात या महिन्याची जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण फक्त 31 मार्चपर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटांचा हिशेब कमी दराने पैशात होतो आणि खातं शून्यावर येतं. आपली युनिटं साठतात नोव्हेंबर ते मार्च, आभाळ निरभ्र आणि घरात दोनच माणसं असताना. गरज असते एप्रिल-मेत. उन्हाळ्याची म्हणून केलेली बेगमी उन्हाळा दारात आला की निकालात निघते. त्यामुळे मेच्या बिलावरून प्लांट ठरवू नये. मेमध्ये शंभरेक युनिटं विकत घ्यावी लागली तरी ती 7 रुपयांची असतात, त्यात फार काही जात नाही.

आता कर्ज. 1,35,000 पैकी 10 टक्के, म्हणजे 13,500 तुमचे आणि 1,21,500 बँकेचे. 3 किलोवॅटपर्यंतच्या प्लांटला सरकारी बँका दोन लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देतात आणि योजनेतला व्याजदर रेपो दराला बांधलेला असतो. बँकेने तुम्हाला 7 टक्के सांगितलाय, तो या योजनेतलाच आहे का आणि रेपो खाली आला तर तोही खाली येईल का, हे विचारा. काही वेळा शाखेतून साधं वैयक्तिक कर्ज पुढे सरकवलं जातं, त्याचा दर कितीतरी जास्त असतो. मंजुरीपत्रावर योजनेचं नाव छापलेलं आहे ना, ते पाहूनच सही करा.

मुदत दहा वर्षांचीच घ्या. हप्ता येईल 1,411. हे ऐकून यजमान दचकतील, पण पुढचं वाचून दाखवा. प्लांट सुरू होऊन तपासणी झाली की 60,000 रुपये सबसिडी तुमच्या खात्यावर येते. एजन्सी ती आधी कापून देत नाही, प्लांटची पूर्ण किंमत आधी भरावी लागते, म्हणूनच कर्ज 1,21,500 चं दिसतं. सबसिडी आली की त्याच आठवड्यात बँकेत जा आणि लेखी अर्ज द्या: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता 1,411 च ठेवावा आणि मुदत कमी करावी.’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्ज नाही दिला तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता अर्ध्यावर आणतात. ऐकायला ते बरं वाटतं, पण व्याज दहा वर्षं चालू राहतं. तरत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जात मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही, त्यामुळे कोणी का-कू केलं तर ऐकू नका.

60,000 भरल्यावर साधारण 61,500 मुद्दल राहतं. ते 1,411 च्या हप्त्याने चार वर्षं दोन-तीन महिन्यांत संपतं आणि तेवढ्या काळात व्याज जातं दहा हजारांच्या आत. तुम्हाला दिलेल्या प्रस्तावात दहा वर्षं हप्ते भरले असते तर व्याजच 67,000 झालं असतं. शिवाय कागदावर मुदत लांब असल्याने हप्ता कायम लहान राहतो. एखाद्या वर्षी दुखणंखुपणं निघालं तरी पेन्शनवर ओझं पडत नाही.

हा 1,411 चा हप्ता महिन्याच्या बचतीशेजारी ठेवून बघा. मेमध्ये वाचतात 4,040, डिसेंबरला 1,610, ऑगस्टला 1,460. फक्त जुलैत 1,330 वाचतात, म्हणजे ऐंशी रुपये कमी पडतात. पाऊस फारच लागला, सलग दोन आठवडे सूर्यदर्शन नाही, तर हा फरक दोन-तीनशेवर जाईल, त्यापलीकडे नाही. वर्षाच्या शेवटी हप्ते वजा जाऊन नऊ हजारांच्या वर शिल्लक राहते. ती मोकळी रक्कम समजू नका. त्यातून प्लांटचा विमा काढायचा आणि काही बाजूला टाकायचं, कारण पॅनल पंचवीस वर्षं चालले तरी इन्व्हर्टर साधारण दहा वर्षांनी बदलावा लागतो.

विम्याचं मी वरवर म्हणत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. पॅनल उडून गेला तरी हप्ता थांबत नाही. म्हणून घराच्या विम्यात प्लांटची वेगळी नोंद करून घ्या आणि वादळ व पूर दोन्हींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे ना, ते बघा.

स्ट्रक्चरच्या बाबतीतही घासाघीस करू नका. खाऱ्या हवेत साध्या लोखंडावर रंग मारून उभा केलेला सांगाडा दोन-तीन पावसाळ्यांत नटबोल्टांच्या जागी फुगायला लागतो. बोल्टाभोवती तांबूस ओघळ दिसले की समजायचं आतून गंज धरलाय. कोटेशनमध्ये हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट लिहून घ्या, आणि पॅनल खाऱ्या हवेच्या चाचणीतून गेलेले आहेत याचा कागद मागा. त्या चाचणीचा क्रमांक आयईसी 61701. सांगाडा स्लॅबपासून फार उंच नको, वारा खालून शिरून उचलतो. याला पाच-सात हजार जास्त पडले तर पडू देत. चार वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत प्लांट जागेवर राहिला पाहिजे, सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

माडांची सावली मात्र तुम्हालाच बघावी लागेल. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या लांब पडतात. सकाळी नऊला, बाराला आणि तीनला गच्चीवर जाऊन जिथे पॅनल येणार तिथे खडूने सावलीची रेघ मारा. एका झावळीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन घसरू शकतं. रोज दोन तास अशी सावली पडत असेल तर मी काढलेली युनिटं मिळणार नाहीत आणि जुलैतल्यासारखी तूट डिसेंबरलाही दिसेल. अशा वेळी पॅनलची जागा सरकवा. फळता माड तोडायची वेळ येत असेल तर त्याचं वर्षाचं उत्पन्नही हिशेबात धरा.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करते. हा प्लांट बॅटरीशिवाय असतो. लाइन गेली की तोही बंद पडतो, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट बाजूने शॉक बसू नये म्हणून ती सोयच तशी केलेली असते. जून-जुलैत तुमच्याकडे लाइन जाते तेव्हा पंखा आणि दिव्यांसाठी आत्ताचा इन्व्हर्टर लागेलच, तो मोडीत काढू नका. ज्या दिवसांत लाइन जाते त्या दिवसांचं उत्पादनही बुडतं, पण ते महिने मुळातच कमी उत्पादनाचे असल्याने हिशेब फारसा हलत नाही.

कामाची वेळ अशी धरा. योजनेच्या पोर्टलवर अर्ज आणि बँकेचे कागद डिसेंबर-जानेवारीत करा, बसवण्याचं काम फेब्रुवारीत, म्हणजे मार्चअखेर नेट मीटर लागेल. एप्रिलपासून प्लांट चालू झाला तर पहिल्या दोन महिन्यांतच साडेसात हजारांच्या वर वाचतात आणि जुलैची चणचण त्यातून सहज भागते. ऑक्टोबरात चालू केला तर थंडीत तयार झालेली जास्तीची युनिटं मार्चअखेर कमी दराने निघून जातील. कर्ज उचलताना बँकेला सांगा की एजन्सीला सगळी रक्कम एकदम देऊ नका, शेवटचा टप्पा नेट मीटर लागल्यावर द्या. पॅनल बसवून झाले, पैसे पोचले, की मीटरच्या पाठपुराव्यात एजन्सीचा उत्साह संपतो. इकडे हप्ता सुरू आणि बचत काहीच नाही, अशी दोन-तीन महिन्यांची कोंडी पुष्कळ घरांत झालेली मी पाहिली आहे.

नेट मीटर लागेपर्यंत प्लांट चालू करू देऊ नका, ‘टेस्टिंग’ म्हणूनही नाही. जुन्या साध्या मीटरपैकी काही मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा तुमचा वापर म्हणून मोजतात आणि बिल उलट वाढतं. नवीन मीटर लागला की त्यावरचे दोन्ही आकडे, आत आलेली युनिटं आणि बाहेर गेलेली युनिटं, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पहिलं बिल आलं की त्यातले आकडे या फोटोशी जुळवा. बाहेर गेलेली युनिटं बिलात दिसत नसतील तर ते बिल भरण्याआधी फोटो आणि नेट मीटरचा करार घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.